विनिपेगला निघालेल्या मामेभावासाठी: कोणतं कापड घ्यायचं, कशावर काय घालायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मामेभावाला कॅनडात विनिपेगला नोकरी लागली तेव्हा मी त्याला कपड्यांबद्दल एक लांबलचक पत्र लिहिलं. मामींनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुणाकुणाच्या हाती गेलं, आणि मुलगा-सून परदेशी निघालेल्या घरांतून मला प्रश्न यायला लागले. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून पत्र मोडून त्याची ही प्रश्नोत्तरं केली. मूळ पत्र भावाला असल्यामुळे 'तू' तसंच ठेवलंय, मोठ्यांनी राग मानू नये. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासणीचं काम करते. त्याआधी काही वर्षं विनिपेगला राहिले. कापड इथं शिकले आणि थंडी तिथं.

१. ताई, तिथं थंडी नेमकी किती असते? सोलापूरचा माणूस टिकेल का?

टिकतो. जानेवारीत विनिपेगचं पहाटेचं सरासरी तापमान उणे २१ च्या आसपास असतं आणि दुपारचं उणे ११ च्या. गड्ड्याच्या यात्रेत आपण मफलर गुंडाळून फिरतो तेव्हा पहाटेला साधारण १५-१६ अंश असतात, त्यावरून फरकाचा अंदाज घे.

पण खरा त्रास देतो तो वारा. शहर सपाट माळावर आहे, वाऱ्याला आडोसा नाही. म्हणून तिथल्या हवामान अंदाजात तापमानाबरोबर 'विंड चिल' नावाचा दुसरा आकडा देतात. तापमान उणे २० आणि वारा ताशी २० किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला ते उणे ३० सारखं लागतं. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. आधी नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि गाल जातात. गोठायला लागलेली जागा पांढुरकी दिसते आणि दुखायची थांबते. दुखणं थांबलं म्हणून बरं वाटून घेऊ नकोस, लगेच आत जा. ती जागा चोळायची नाही, उबदार हाताने नुसती झाकून धरायची.

घराबाहेर पडताना विंड चिलचा आकडा बघायची सवय लाव. मात्र तो आकडा उघड्या कातडीचा आहे. अंगावर वारा अडवणारं कापड असलं की त्याची धार बरीच बोथट होते.

२. एकच चांगला जाडजूड कोट घेतला तर भागणार नाही का? एवढे थर कशाला?

बाहेर उणे २० असतं, पण घरात, बसमध्ये, दुकानात, ऑफिसात सगळीकडे २० ते २२ अंश असतात. दिवसातून दहा वेळा तू चाळीसेक अंशांची उडी मारणार. एकच जाड कोट असला तर दोनच पर्याय राहतात, पूर्ण घाल नाहीतर पूर्ण काढ. गर्दीच्या बसमध्ये तो काढता येत नाही, मग आत घाम येतो आणि तो घाम घेऊन तू परत थंडीत उतरतोस. तिथं आजारी पडणारे आपले लोक बहुतेक वेळा असेच पडतात.

दुसरं कारण कापडातलं आहे. ऊब कापड देत नाही. ऊब आपल्या अंगाची असते आणि ती धरून ठेवते ती कापडात अडकलेली, न हलणारी हवा. एका जाड थरापेक्षा तीन मध्यम थरांत अशी हवा जास्त अडकते, कारण दोन थरांच्या मधल्या फटीतही ती असते. फक्त ती फट राहायला हवी. वरचा कोट तंग असला की आतलं सगळं दाबलं जातं आणि हवा निघून जाते. म्हणून बाहेरचा कोट घेताना आत स्वेटर घालूनच अंगावर घालून बघायचा.

३. मग थर किती आणि कोणते?

तीन. अंगालगतचा थर घाम कातडीपासून दूर नेतो, मधला हवा धरतो आणि बाहेरचा वारा-बर्फ अडवतो. कमरेखाली बहुतेक दिवस दोन पुरतात, आत थर्मल लेगिंग आणि वर पँट. उणे २५ च्या खाली किंवा बराच वेळ उभं राहायचं असेल तर वर वारा अडवणारी नायलॉनची पँट चढवायची.

अंगालगतच्या थराबद्दल प्रश्न ४ आणि ५, मधल्याबद्दल ६ आणि ७, बाहेरच्याबद्दल ८ पाहा. पैसे कमी असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या थरावर खर्च कर. मधला थर स्वस्तातला चालतो.

४. आत नेहमीचा सुती बनियन घालतो आणि त्यावर थर्मल. चालेल ना?

नाही. मला सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून याला जरा वेळ देते.

आपण टॉवेल सुताचा का करतो? त्याने पाणी प्यावं म्हणून. सोलापूरचा सगळा धंदाच सुताच्या या गुणावर उभा आहे. उन्हाळ्यात ४२ अंशांत सुती बनियन घाम पितो, तो वाऱ्याने वाळतो आणि अंग थंड होतं. तोच गुण उणे २० मध्ये जिवावर उठतो. सुती बनियनने घाम प्यायला, वर दोन थर असल्यामुळे तो वाळला नाही, की ओलं कापड अंगाला चिकटून बसतं. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे तू हजारो रुपयांचा कोट घातलास आणि आत ओला टॉवेल गुंडाळलास.

आता यातली गंमत. कापडाच्या प्रयोगशाळेत ठरावीक दमट हवेत तपासलं तर सूत आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरतं, लोकर सोळाच्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे लोकर सुताहून जास्त ओल पिते. मग ती कशी चालते? कारण लोकर वाफ पिते, तीही तंतूच्या पोटात. तंतूचा बाहेरचा पृष्ठभाग मात्र पाणी झटकतो, त्यामुळे बरीच ओल पोटात असूनही तो हाताला ओला लागत नाही. शिवाय लोकरीचा तंतू कुरळा असतो. भिजला तरी तो उभा राहतो आणि मधली हवा टिकते. सूत भिजलं की लोळागोळा होतं, हवेच्या जागी पाणी बसतं.

मंगळवेढा-सांगोल्याकडचा धनगर भर पावसात घोंगडं पांघरून मेंढरांमागं उभा असतो, तो याच जोरावर. त्याच्या खांद्यावर सोलापुरी चादर दिली असती तर तासाभरात काकडला असता.

तेव्हा थर्मल थेट कातडीला लागलं पाहिजे. बनियन घालायचाच असेल तर तोही पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा. अंतर्वस्त्रांनाही हाच नियम. महिलांच्या सुती ब्रामुळे पाठीवर ओली पट्टी राहते आणि तिथूनच गारठा शिरतो. खेळाडूंसाठीच्या पॉलिस्टर-नायलॉनच्या ब्रा इथेही मिळतात.

५. थर्मल कुठलं घ्यावं? मेरिनो फार महाग आहे हो.

महाग आहेच. मेरिनो ही बारीक तंतूंच्या मेंढीची लोकर. चांगल्या थर्मलमधला तंतू १९ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतो, तो कातडीला टेकला की वाकतो. घोंगड्याचा तंतू जाडाभरडा, तो वाकत नाही आणि टोचतो. 'मला लोकर चालत नाही, खाज येते' म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा जाड तंतू टोचलेला असतो. त्यांनी मेरिनो एकदा हाताच्या आतल्या बाजूला घासून बघावी.

पॉलिस्टरचं थर्मल स्वस्त, टिकाऊ आणि झटपट वाळणारं. त्याचा एकच दोष म्हणजे वास. सकाळी घातलं की संध्याकाळी धुवायला टाकावंच लागतं. मेरिनो नुसतं वाऱ्यावर टांगून तीन-चार दिवस बिनवासाचं चालतं. पण ते जपावं लागतं, नखाने खेचलं तरी भोक पडतं.

माझा सल्ला असा. वरचं एक मेरिनो आणि दोन पॉलिस्टर, खालच्या दोन लेगिंग पॉलिस्टरच्या. मेरिनो घेताना जीएसएम बघ, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १५० च्या आसपासचं पातळ, २०० चं मधलं, २५० चं जाड. शहरात राहून ऑफिसला जाणाऱ्याने २०० च्या आसपासचं घ्यावं, कारण ते घरातही अंगावर सोसतं. जाड थर्मल घेतलेले लोक ऑफिसात दिवसभर घामाघूम बसलेले असतात.

इथल्या दुकानांतल्या 'थर्मल' शब्दावर मात्र भरवसा ठेवू नकोस. आपल्याकडच्या पुष्कळ थर्मलमध्ये सूत मिसळलेलं असतं. महाबळेश्वरला ती उत्तम, विनिपेगला नाहीत. आतलं लेबल उलटून धाग्यांची टक्केवारी वाच. सूत लिहिलेलं दिसलं की ठेवून दे. माप अंगाला लागून बसणारं हवं, पण श्वास घेताना छातीवर ताण येऊ नये.

६. दुकानदार 'प्युअर ऊलन' म्हणतो. खरंच लोकर आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्याकडेला मिळणारे स्वेटर बहुतांशी अॅक्रिलिकचे, म्हणजे ज्याला आपण कॅशमिलॉन म्हणतो त्याचे असतात. हाताला ते लोकरीपेक्षाही मऊ लागतात, म्हणून हातावर जाऊ नकोस.

जाळून बघ. आतल्या शिवणीतून तीन-चार धागे ओढून काढ, चिमट्यात धर आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर काडी लाव. खिडकी उघडी ठेव आणि पदर-ओढणी लांब. लोकर आगीपासून मागे सरते, कुरकुरत हळू जळते आणि काडी बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. केस जळल्याचा वास येतो. उरलेला काळा गोळा बोटात चुरडला की त्याची पूड होते. अॅक्रिलिक भडकून पेटतं, वितळत जातं, काळा धूर सोडतं आणि मागे टणक, वेडावाकडा खडा राहतो, तो चुरडत नाही. पॉलिस्टरही वितळून खडा होतो, पण त्याआधी ते आक्रसतं. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते.

अडचण मिश्रणाची आहे. केसाचा वासही आला आणि खडाही राहिला, तर लोकर आणि अॅक्रिलिक एकत्र आहेत. किती टक्के, ते यावरून कळत नाही.

अॅक्रिलिक टाकाऊ आहे असं मात्र नाही. मधल्या थराला ते चालतं. त्यावर गोळे धरतात, एखाद्या हिवाळ्यात ते दबून चपटं होतं आणि कोरड्या हवेत त्याची वीज चटचटते (याबद्दल प्रश्न १४). पैसे लोकरीचे देऊ नकोस, एवढंच.

७. फ्लीस म्हणजे काय? आणि आजीनं विणून दिलेल्या स्वेटरचं काय करू?

फ्लीस आपल्या टॉवेलचा चुलतभाऊ. टॉवेलच्या अंगावर सुताची वेटोळी उभी असतात. फ्लीसमध्ये पॉलिस्टरच्या विणीवर तशीच वेटोळी काढतात, मग रेझिंग मशीनच्या तारेच्या रुळांनी ती ओरबाडून फुलवतात आणि वरून समान कातरतात. त्या फुललेल्या केसांत हवा अडकते. अमेरिकेतल्या माल्डेन मिल्सने १९७९ साली हे कापड बाजारात आणलं, त्याआधी ती गिरणी खोटी फर बनवायची.

१०० जीएसएमचं फ्लीस पातळ, २०० चं रोजच्या वापराचं, ३०० चं जड. दोनशेचं घे, पुढून पूर्ण चेन असलेलं. डोक्यातून घालायचं असलं तर बसमध्ये काढता-उघडता येत नाही. घेताना केसाळ बाजूवर तळहात जोरात फिरव. हातात केस आले किंवा आतली जाळी दिसायला लागली तर रेझिंग जास्त केलंय, ते दोन महिन्यांत टक्कल पडल्यासारखं होईल.

फ्लीसमधून वारा आरपार जातो. नुसत्या फ्लीसवर बाहेर पडलेला माणूस वारा सुटला की उघडाच असतो. आजीच्या स्वेटरचंही तेच. हाताची वीण सैल, भोकं मोठी. पण वरून वारा अडवणारा कोट आला की त्याच भोकांत ऊब साठते. त्यामुळे आजीचा स्वेटर जरूर ने, मधल्या थरात तो फ्लीसच्या तोडीस तोड आहे. फ्लीस आणि स्वेटर दोन्ही एकदम मात्र फक्त फार खराब दिवशी, एरवी कोट तंग होतो.

८. बाहेरचा कोट पिसांचा घ्यावा की साधा भरलेला?

पिसांचा, म्हणजे डाउनचा. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटावरची मऊ लव. तेवढ्याच वजनात तिच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही. तिची प्रत 'फिल पॉवर'ने मोजतात, म्हणजे ठरावीक वजनाची लव फुलून किती जागा व्यापते. शहरातल्या वापराला ६०० ते ६५० पुष्कळ झालं. ८०० च्या मागं लागू नकोस, तो पैसा हलकेपणाचा आहे.

डाउन भिजलं की गोळा होतं आणि ऊब संपते. विनिपेगला त्याचं भय कमी, कारण उणे १५-२० ला पडणारा बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. शून्याच्या आसपासच्या ओल्या गावांचं गणित वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १३. प्राण्यांची पिसं नको असतील, तर कृत्रिम भरावाचा कोट घे. तो थोडा जड आणि फुगीर असतो, पण ओला झाला तरी बरीच ऊब राखतो.

दुकानात कोट मुठीत दाबून सोड. लगेच फुलला पाहिजे. बोटांना काड्या टोचल्या तर त्यात लवेपेक्षा पिसं जास्त आहेत. लांबी मांडीपर्यंत हवी, कारण बसथांब्यावरच्या बाकावर बसल्यावर कंबर उघडी पडते. चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर चेनच्या दातांतून वारा शिरतो. मनगटाला आत विणलेली पट्टी आणि डोक्याला खोल टोपी. या चार गोष्टी नसलेला महागडा कोट असलेल्या स्वस्त कोटापुढे हरतो.

९. एक दिवस उदाहरण म्हणून सांगाल का, सकाळपासून काय काय घालायचं?

जानेवारीतला सोमवार धर. तापमान उणे २२, वारा ताशी २०, विंड चिल उणे ३३. घरापासून बसथांबा दहा मिनिटांवर, तिथं पाचेक मिनिटं थांबायचं, वीस मिनिटांची बस आणि मग ऑफिस.

अंगात मेरिनो थर्मल, त्यावर ऑफिसचा शर्ट, त्यावर २०० चं फ्लीस, वर डाउन कोट. शर्ट सुती असला तरी इथं खपतो, कारण घाम आधी मेरिनोला लागतो आणि तुला फार राबायचं नाही. बर्फ फावड्याने काढायचा असेल त्या दिवशी तोच शर्ट चालणार नाही. खाली पॉलिस्टर लेगिंग आणि पँट. जीन्स आवडत असेल तर तिच्या आत लेगिंग हवीच, नुसती जीन्स पत्र्यासारखी गार पडते. पायात लोकरीचे मोजे आणि बूट, हातात मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे, गळ्याला नळीसारखा लोकरी पट्टा, तो नाकावर ओढता येतो.

हे सगळं अंगावर चढवून घरात उभं राहू नकोस. कोट सगळ्यांत शेवटी, दाराशी. बाहेर पडल्यावर पहिली चार-पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच मस्त उबदार वाटलं तर थांब्यापर्यंत घाम फुटणार, एक थर कमी कर.

बसमध्ये चढल्या चढल्या, बसायच्या आधी, टोपी, मिटन आणि दोन्ही चेनी उघडायच्या. घाम आल्यावर उघडून काही उपयोग नाही, ओल आत शिरलेली असते. उतरायच्या एक थांबा आधी परत बंद. ऑफिसात कोट आणि फ्लीस टांग, शर्ट-मेरिनोवर बस. दुपारी जेवायला शहराच्या मध्यभागी इमारती जोडणारे बंदिस्त पूल आहेत, त्यातून कोटाशिवाय जाता येतं.

संध्याकाळी घरी आलास की दोन खांद्यांच्या मध्ये हात घालून बघ. कापड कोरडं असलं तर गणित बरोबर. दमट असलं तर उद्या फ्लीसऐवजी पातळ स्वेटर. आणि बोटं गारठली पण छाती उबदार असेल तर चूक हातमोज्यात आहे. छातीच गार असेल तर हातमोजे कितीही बदल, बोटं गरम होणार नाहीत, कारण शरीर आधी पोटाकडचं रक्त राखतं.

१०. पाय फार गारठतात. दोन मोजे घालू का?

बुटात जागा असेल तरच. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. एक जाड लोकरी मोजा पुरे. बूट तिथंच घे, तो मोजा घालून, बोटं आत हलवता येतील एवढा मोठा. आतलं अस्तर काढता येणारा बूट चांगला, रात्री ते वेगळं वाळवता येतं. दिवसभरात पायाला घाम येतोच, आणि न वाळलेलं अस्तर दुसऱ्या सकाळी बर्फाचं काम करतं.

हाताला बोटांचे मोजे नकोत, मिटन हवेत, चार बोटं एकत्र राहतात ते. फोन वापरायला आत एक पातळ बोटांचा मोजा घाल.

११. सोलापूरहून काय न्यायचं आणि तिथं काय घ्यायचं? सोलापुरी चादर नेऊ का?

इथून पॉलिस्टर थर्मल, पातळ फ्लीस, आजीचा स्वेटर, लोकरी मफलर ने. कोट, बूट आणि मिटन तिथं घे. तिथल्या दुकानांत तिथल्या थंडीचा माल असतो, आणि ऋतू संपताना तो स्वस्तही होतो. पण पहिल्या दिवशी विमानतळाबाहेर पडायचं आहे, हे विसरू नकोस. हिवाळ्यात उतरणार असशील तर कुणाचा तरी वापरलेला कोट हातातल्या बॅगेत हवा. चेक-इन सामान उशिरा येऊ शकतं.

चादरीबद्दल आत्यापासून सगळ्यांनी विचारलंय. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर आहे, अभिमान मलाही आहे. घरात खोली २१ अंशांवर असते, तिथं पांघरायला ती उत्तम. बाहेर शालीसारखी गुंडाळायला नाही, कारण प्रश्न ४ मध्ये आहे. वजन बघून एक ने. टॉवेल मात्र दोन जास्त ने, तिथं बाथरूममध्ये त्यांचंच राज्य.

१२. साडी कशी नेसायची? आणि बाळाला काय घालायचं?

साडीच्या आत परकराऐवजी फ्लीसचं अस्तर असलेली लेगिंग घालायची आणि साडी तिच्या इलॅस्टिकमध्ये खोचायची. इलॅस्टिक ढिलं वाटलं तर वरून नाडीचा पट्टा बांध. ब्लाउजच्या आत त्याच रंगाचं लांब बाह्यांचं मेरिनो, हल्ली ते फॅशन म्हणूनही खपतं. वर घोट्यापर्यंतचा कोट. निऱ्या गाडीपर्यंत वर खोचून ठेवायच्या, खाली बर्फात मिसळलेलं मीठ असतं आणि त्याचे पांढरे डाग काठावर बसतात. चपला पिशवीत, पायात बूट.

बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त, हा नियम ढकलगाडीपुरता बरोबर आहे. गाडीतल्या कारसीटमध्ये मात्र फुगीर कोट घालून बाळाला कधीही बांधायचं नाही. पट्टे घट्ट वाटतात, पण धडक बसली की कोट चपटा होतो आणि पट्टे ढिले पडतात. पातळ फ्लीस घालून पट्टे आवळायचे आणि वरून पांघरूण टाकायचं. बाळाला गरम होतंय का ते मानेच्या मागं हात लावून बघ. हात-पाय गारच लागतात, त्यावरून ठरवू नकोस.

१३. आम्ही कॅनडाला नाही, लंडनला चाललोय. हेच सगळं घ्यायचं का?

नाही, आणि लोक इथंच जास्त फसतात. लंडनला हिवाळ्यात तापमान बहुतेक वेळा शून्याच्या वरच फिरतं, पण रिमझिम पाऊस आणि ओला वारा असतो. तिथं जाड डाउन कोट ओला होऊन लोंबतो. मेरिनो, पातळ फ्लीस आणि वर पाणी न शिरणारं पण वाफ बाहेर सोडणारं जॅकेट, एवढं पुरतं. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली हवी, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी येतं. उणे २० च्या कोरड्या थंडीत पाणी अडवण्यापेक्षा वारा अडवणं महत्त्वाचं. दोन अंशांच्या पावसात उलट.

१४. हे कपडे धुवायचे कसे? आणि सारखा करंट का बसतो?

करंट कोरड्या हवेचा. हिवाळ्यात गरम केलेल्या घरात हवा फार कोरडी होते आणि पॉलिस्टर-अॅक्रिलिक एकमेकांवर घासलं की वीज साठते. मेरिनो ओल धरून असते म्हणून ती कमी चटचटते. अॅक्रिलिक स्वेटर थेट पॉलिस्टर थर्मलवर घालू नकोस, मध्ये शर्ट असू दे.

मेरिनो गार पाण्यात, लोकरीच्या साबणाने, उलटी करून धुवायची आणि पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकर आटून नमदा होते, मग ती पुतण्यालाच बसते. थर्मल कुठलंही असो, कपडे मऊ करणारं द्रावण वापरायचं नाही. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम ओढणं कमी होतं.

डाउन कोट हिवाळ्यात एकदा धुतला तरी पुरे, पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये, डाउनच्या साबणाने. ड्रायरमध्ये कमी आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकून फिरव, ते आपटून गोळे फोडतात. दोन-तीन तास लागतात, मध्ये मध्ये काढून हाताने चाचप. बाहेरून वाळलेला कोट आत ओला असतो. एखाद्या कप्प्यात वाटाण्याएवढी गाठ लागली तर अजून अर्धा तास, कारण ती गाठ तशीच ठेवली तर आठवड्यात कोटाला ओल्या कोंबडीचा वास येतो.